टॉक प्रपोजलचा मेल कसा लिहायचा – ‘कुऱ्हाडे सापडत नाहीत’ हे उदाहरण धरून

पुण्यात आम्ही काही जण मिळून वर्षातून एकदा एक दिवसाची छोटी टेक कॉन्फरन्स करतो, त्याच्या कमिटीत मी आहे, आणि दरवर्षी प्रपोजलचे मेल वाचायचं काम माझ्याकडे येतं. मोठ्या कॉन्फरन्सना फॉर्म असतात, आमच्यासारख्या लहान ठिकाणी अजून साधा मेलच चालतो. पहिल्यांदा मेल पाठवणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात म्हणून एकच खरं उदाहरण घेऊन सगळं सांगते. नावं सांगत नाही, बाकी सगळं झालं तसंच.

ओळखीतली एक मुलगी आहे, कोथरूडला राहते, एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या टीममध्ये काम करते. तिनं मला पाठवायच्या आधी वाचायला दिलेला मेल असा होता: “विषय: स्पीकर म्हणून संधी मिळण्याबाबत. महोदय, मला आपल्या कॉन्फरन्समध्ये ‘मराठी भाषा आणि तंत्रज्ञान: आव्हाने आणि संधी’ या विषयावर बोलायला आवडेल. या टॉकमध्ये मी मराठी कम्प्युटिंगचा इतिहास, युनिकोड, फॉन्ट, कीबोर्ड, सर्च आणि भविष्यातील दिशा यांचा आढावा घेईन. सोबत बायोडेटा जोडला आहे.”

मी तिला म्हटलं, अगं यातलं तू स्वतः काय केलंयस? ती म्हणाली, “ताई, सर्चचं केलंय. काउंटरवर कुऱ्हाडे आडनावाचे एक काका आले होते, क्लार्कनं नाव टाकलं, सिस्टीम म्हणाली असा सभासदच नाही, म्हणून त्यांनी काकांचं नवीन खातं उघडून दिलं, आणि काका वीस वर्षांपासून सभासद होते.” म्हटलं, हाच टॉक आहे, बाकीचं सगळं काढून टाक.

आधी विषय छाटायचा, मेल नंतर

कमिटीत आम्ही चौघं वाचतो. पहिल्या फेरीत एका मेलला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात प्रत्येक जण एका शीटमध्ये एक ते पाच मार्क टाकतो आणि एक ओळ शेरा लिहितो. ‘आव्हाने आणि संधी’ वाचल्यावर शेऱ्यात काय लिहायचं तेच सुचत नाही, कारण त्यात नाही म्हणण्यासारखं काही नसतं आणि हो म्हणण्यासारखंही काही नसतं, मग तीन मार्क पडतात, आणि तीनवाले टॉक कधीच निवडले जात नाहीत. कुऱ्हाडेवाला टॉक वाचून मात्र कोणी पाच देईल, कोणी दोन देऊन लिहील की फार बारीक विषय आहे, पण त्यावर चर्चा होईल. चर्चा झाली की निम्मं काम झालं.

तर विषय छाटायची माझी पद्धत अशी: तुमच्या कामात काय बिघडलं होतं, ते कसं लक्षात आलं, कारण काय निघालं, काय केलं, आणि अजून काय सुटलेलं नाही, ही पाच उत्तरं कागदावर लिहा, प्रत्येकी एक-दोन वाक्यांत. पाचवं उत्तर बरेच जण गाळतात. ते गाळू नका, पुढे लागणार आहे.

तिची उत्तरं मी इथे देते, कारण विषय समजल्याशिवाय मेल कसा बदलला ते कळणार नाही. कुऱ्हाडे मधला जो अर्धा र आहे, ह ला डावीकडून चिकटणारा, तो कम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, `U+0931`, आणि त्याला हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, `U+0930`, त्याला हलन्त, आणि त्याच्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर, `U+200D`. दोन्ही पद्धती युनिकोडच्या स्टँडर्डमध्ये मान्य आहेत, स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण कम्प्युटरच्या दृष्टीनं ते दोन वेगळे शब्द आहेत. पतसंस्थेचा जुना डेटा कन्व्हर्ट होऊन आला होता त्यात दुसरा प्रकार पडला होता, आणि काउंटरवरचा कीबोर्ड पहिला प्रकार टाइप करत होता. तिनं मला लॅपटॉपवर हे दाखवलं:

```python
import unicodedata as u
a = "कु\u0931\u094dहाडे"
b = "कु\u0930\u094d\u200dहाडे"
print(a == b, len(a), len(b))    # False 8 9
print(u.normalize("NFC", a) == u.normalize("NFC", b))  # False
```

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. युनिकोडवर थोडंफार वाचलेला माणूस म्हणेल की नॉर्मलाइज करा की, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका ठरलेल्या रूपात आणा, त्यात काय एवढं. पण नॉर्मलायझेशननं हे दोन एक होतच नाहीत. मग तिच्या टीममधल्या कोणीतरी सुचवलं की ते न दिसणारं अक्षर सगळीकडून उडवून टाकू, तर त्यानं कुऱ्हाडेचं ‘कुर्हाडे’ झालं, रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसला, आणि पासबुकवर तेच छापून आलं. शेवटी तिनं मूळ नावाला हात न लावता सर्चसाठी वेगळा कॉलम केला, त्यात जिथे र, हलन्त आणि जॉइनर असे तिन्ही ओळीनं दिसतील तिथे ऱ आणि हलन्त घातला, आणि क्लार्क जे टाइप करतो त्याच्यावरही सर्च करायच्या आधी हेच केलं. सुटलं काय नाही? ज्यांचं नाव मुळातच ‘कुराडे’ किंवा ‘कुर्हाडे’ असं नोंदवलं गेलंय ते अजूनही सापडत नाहीत. ते स्पेलिंगचं दुखणं, त्याला हे औषध चालत नाही.

आता बघा, तिच्या पहिल्या मेलमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. इतिहास, फॉन्ट, भविष्य सगळं होतं.

कॉल नीट वाचा, खासकरून वेळ आणि डेडलाइन

कॉल म्हणजे प्रपोजल मागवणारं जे पान किंवा मेल असतो तो, त्यात चार गोष्टी शोधा: स्लॉट किती मिनिटांचा आणि त्यात प्रश्नोत्तरं धरलीत का, गोषवाऱ्याला शब्दमर्यादा आहे का, नाव झाकून वाचणार आहेत का, आणि डेडलाइन कुठल्या घड्याळाची. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच आंतरराष्ट्रीय कॉन्फरन्स डेडलाइनपुढे `AoE` लिहितात, म्हणजे पृथ्वीवर कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत. त्यातली 23:59 म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5:29. पण असं काही लिहिलेलं नसेल तर स्वतःहून ही सवलत धरू नका, पुण्यातली कॉन्फरन्स असेल तर रात्री बारा म्हणजे पुण्यातले बारा.

नाव झाकून वाचणार असतील तर गोषवाऱ्यात “मी अमुक कंपनीत असताना” असं काही यायला नको, ते सगळं अनुभवाच्या परिच्छेदात, वेगळं. खरं तर नाव झाकत नसतील तरी हे वेगळं ठेवलेलंच बरं, कारण आम्ही गोषवारा जसाच्या तसा उचलून कार्यक्रमपत्रिकेत टाकतो आणि तिथे तुमची कारकीर्द नको असते.

भाषेचंही बघा. आमच्याकडे मराठीत टॉक चालतो, मेल मराठीत चालतो. कॉल इंग्रजीत असेल तर मेल इंग्रजीत पाठवा, मांडणी हीच.

मालकांची परवानगी मेलच्या आधी

ही परवानगी लोक टॉक निवडला गेल्यावर मागतात आणि मग पंचाईत होते. तिनं मॅनेजरला एक छोटा मेल टाकला की मला या विषयावर बोलायचंय, संस्थेचं नाव घेणार नाही, सभासदांची खरी नावं किंवा स्क्रीनशॉट दाखवणार नाही, उदाहरणासाठी टेबल मी स्वतः बनवेन, चालेल का. मॅनेजरनं लेखी हो म्हटलं. ही एक ओळ तिच्या प्रपोजलमध्ये आली आणि आमच्या डोक्यातली एक काळजी गेली, कारण एका वर्षी एका स्पीकरला आठ दिवस आधी ऑफिसनं नको म्हटलं होतं आणि आम्ही तो स्लॉट भरायला गावभर फोन केले होते.

शिकून काय जाणार, इथे सगळा वेळ घालवा

मेलमधला हा भाग सगळ्यात लहान असतो आणि लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. कमिटीला तुमच्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाची काळजी असते, त्यानं तिकीट काढलेलं असतं, रविवार घालवलेला असतो. तो सोमवारी ऑफिसला जाऊन काय वेगळं करेल, एवढंच आम्ही शोधत असतो.

तिनं दुसऱ्या खेपेला लिहिलेले मुद्दे होते: “युनिकोडची ओळख होईल. मराठी सर्चचं महत्त्व समजेल. नॉर्मलायझेशनविषयी जागरूकता निर्माण होईल.” मी विचारलं की टॉक संपल्यावर दारात उभं राहून तू लोकांना पकडलंस तर जागरूकता आली की नाही ते कसं तपासशील? ती हसली. तर तपासायची पद्धत हीच आहे: प्रत्येक मुद्द्यापुढे “करून दाखव” असं म्हणून बघा. जे करून दाखवता येत नाही ते बहुतेक वेळा नुसतं विषयाचं नाव असतं.

मग एकेक मुद्दा आम्ही बदलला. ‘युनिकोडची ओळख होईल’ याच्या जागी आलं की आपल्या टेबलमध्ये जुन्या पद्धतीचा र किती नोंदींत आहे हे एका क्वेरीनं मोजता येईल. ही क्वेरी खरंच एका घासाची आहे, पोस्टग्रेसमध्ये अशी:

```sql
SELECT count(*) FROM sabhasad
WHERE nav LIKE U&'%\0930\094D\200D%';
```

‘सर्चचं महत्त्व समजेल’ याच्या जागी आलं की मूळ नाव न बदलता सर्चसाठी वेगळा कॉलम कसा करायचा आणि टाइप केलेल्या नावावरही तोच नियम कसा लावायचा. आणि ‘जागरूकता’ गेली, तिच्या जागी आलं की जॉइनर सरसकट उडवला तर काय मोडतं ते आधीच ओळखता येईल. तिसरा मुद्दा मला सगळ्यात आवडला, कारण तो चुकीतून आलाय, पुस्तकात वाचून असा मुद्दा लिहिता येत नाही आणि कमिटीला ते लगेच कळतं.

तीन पुरे. तीस मिनिटांत पाच शिकवतो म्हणणाऱ्यानं बहुतेक एकदाही घड्याळ लावून बोलून बघितलेलं नसतं.

इथेच हेही सांगायचं की टॉक कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही. “सर्वांसाठी उपयुक्त” असं लिहिलं की आम्हाला तो कुठल्या हॉलमध्ये टाकायचा तेच कळत नाही. तिनं लिहिलं: मराठी नावं डेटाबेसमध्ये ठेवणाऱ्या डेव्हलपर आणि टेस्टरसाठी, साधी क्वेरी लिहिता यायला हवी, युनिकोड माहीत असायची गरज नाही. झालं.

मिनिटांचा हिशोब

आमचा स्लॉट तीस मिनिटांचा, त्यात पाच प्रश्नांना. म्हणजे हातात पंचवीस. तिनं मांडलं: काउंटरवरची घटना 4 मिनिटं, एक नाव दोन प्रकारे कसं साठतं 7, उपाय आणि डेमो 9, काय सुटत नाही 3, घरी न्यायची यादी 2. बेरीज करून बघा, पंचवीस येते. हसू नका, मला अशा बऱ्याच प्रपोजलमध्ये बेरीज चाळीस आलेली दिसलीये, आणि पहिली पंधरा मिनिटं कायम ‘स्वतःची ओळख व पार्श्वभूमी’ यात.

अनुभव: बायोडेटा नको

बायोडेटा जोडायचा नाही. तुम्ही कुठल्या कॉलेजातून झालात आणि किती सर्टिफिकेट आहेत यावरून या विषयावर पंचवीस मिनिटं बोलू शकाल का ते कळत नाही. विषयाशी जोडलेलं तेवढंच लिहा: हा प्रॉब्लेम मी किती दिवस हाताळला, माझा भाग कोणता होता, टीमचा कोणता, परिणाम काय झाला. ती आधी लिहीत होती “आम्ही सोल्युशन इम्प्लिमेंट केलं”. आम्ही म्हणजे कोण? तिनं कारण शोधलं होतं आणि रूपांतराचा कोड लिहिला होता, डेटाबेसचा कॉलम सिनिअरनं केला होता. तसं लिहिलं की उलट वजन वाढतं, कारण सगळं मीच केलं म्हणणाऱ्याला प्रश्नोत्तरांत दुसराच प्रश्न गाठतो.

पहिल्यांदा बोलणार असाल तर लपवू नका आणि त्याबद्दल माफीही मागू नका. “मला फारसा अनुभव नाही पण संधी दिल्यास” हे वाक्य काढा. आम्हाला नवखा माणूस नको असतो असं नाही, भीती वेगळीच असते: हा वेळेत संपवेल का, आयत्या वेळी गायब होईल का, की येऊन कंपनीचं प्रॉडक्ट विकेल. या भीतीवर उत्तर द्या. तिनं ऑफिसच्या टीमसमोर हाच विषय पंधरा मिनिटं सांगितला होता, मग घरी मोबाईलवर पहिली पाच मिनिटं रेकॉर्ड केली आणि लिंक दिली. आवाज पंख्याचा येत होता. पण बोलणं स्वच्छ होतं, आणि आमच्यातल्या एकानं शेऱ्यात फक्त एवढंच लिहिलं, ‘ऐकलं, समजलं’. लिंक देताना एकदा दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा, परवानगी मागणारी लिंक म्हणजे न दिलेली लिंक.

आता पूर्ण मेल

शेवटी गेलेला मेल हा:

> विषय: टॉक प्रपोजल, 30 मिनिटं: ‘कुऱ्हाडे’ सापडत नाहीत – मराठी नावांचा सर्च कुठे फसतो
>
> नमस्कार,
>
> तुमच्या कॉन्फरन्ससाठी मी खालील टॉक सुचवते आहे. टॉक मराठीत असेल, 25 मिनिटं बोलणं आणि 5 मिनिटं प्रश्न.
>
> गोषवारा: एक सभासद काउंटरवर येतो, क्लार्क त्याचं आडनाव अचूक टाइप करतो, आणि सिस्टीम सांगते की असा सभासद नाही. नाव डेटाबेसमध्ये असतं, स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब सारखी दिसतात, तरी जुळत नाहीत. कुऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा नावांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन मान्य पद्धतींनी साठवता येतो आणि नेहमीचं नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. या टॉकमध्ये आपण हा घोटाळा एका छोट्या टेबलवर घडवून बघू, सरसकट उपाय केल्यावर नाव कसं मोडतं ते पाहू, आणि मूळ नावाला धक्का न लावता सर्च दुरुस्त करू. स्पेलिंगमधले फरक या उपायानं सुटत नाहीत, ते का तेही सांगेन.
>
> ऐकणाऱ्यांना हे करता येईल: (1) आपल्या टेबलमध्ये ही अडचण आहे का ते एका क्वेरीनं मोजणं. (2) सर्चसाठी वेगळा कॉलम करणं आणि टाइप केलेल्या नावावर तोच नियम लावणं. (3) न दिसणारी अक्षरं सरसकट काढली तर कुठली नावं बिघडतील ते आधी ओळखणं.
>
> कोणासाठी: मराठी नावं साठवणारे डेव्हलपर आणि टेस्टर. साधी क्वेरी लिहिता यावी, युनिकोडची माहिती नसली तरी चालेल.
>
> वेळ: घटना 4, कारण 7, उपाय आणि डेमो 9, मर्यादा 3, यादी 2.
>
> माझा संबंध: मी एका पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर तीन वर्षं काम करते. ही अडचण आमच्याकडे आली तेव्हा कारण शोधण्याचं आणि रूपांतराचा कोड लिहिण्याचं काम मी केलं, कॉलम आणि इंडेक्स सहकाऱ्यानं केला. त्यानंतर या कारणानं नवीन डुप्लिकेट खातं उघडलं गेलेलं नाही. हा विषय टीमसमोर 15 मिनिटं मांडला आहे, कॉन्फरन्समध्ये पहिल्यांदाच बोलेन. सुरुवातीच्या 5 मिनिटांचं रेकॉर्डिंग खालच्या लिंकवर आहे. ऑफिसची लेखी परवानगी घेतली आहे, संस्थेचं नाव आणि खरा डेटा दाखवणार नाही.
>
> मी पुण्यातच असते, प्रवासखर्च लागणार नाही. डेमो माझ्या लॅपटॉपवर आणि इंटरनेटशिवाय चालेल, एचडीएमआय केबल लागेल.
>
> आपली,
> (नाव, फोन, रेकॉर्डिंगची लिंक)

यात विषयाची ओळ बघा. ‘संधी मिळण्याबाबत’ असा विषय असलेले मेल कमिटीच्या इनबॉक्समध्ये डझनानं असतात आणि नंतर शोधायला गेलं तर हाताला लागत नाहीत. टॉक प्रपोजल, मिनिटं, शीर्षक, एवढं असलं की झालं.

गोषवाऱ्यात उत्तर सांगून टाकायचं का, हे तिनं दोनदा विचारलं. बऱ्याच जणांना वाटतं की रहस्य ठेवलं तर लोक येतील, म्हणून लिहितात “यावरचा एक आश्चर्यकारक उपाय टॉकमध्ये सांगेन”. कार्यक्रमपत्रिकेत थोडं झाकलेलं चालेल एकवेळ, पण कमिटीला आधी खात्री हवी की उपाय आहे आणि तो बरोबर आहे, त्यामुळे आम्हाला तरी सगळं सांगा. मर्यादेचं शेवटचं वाक्य, जे मी मगाशी पाचवं उत्तर म्हटलं ते, गोषवाऱ्यातच येऊ द्या. आमच्यात एक जण आहे ज्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो की अमुक केसमध्ये हे चालेल का, त्याला उत्तर मेलमध्येच मिळालं.

आणि सगळं मेलच्या अंगातच लिहा, पीडीएफ जोडू नका. आम्ही मजकूर शीटमध्ये पेस्ट करतो आणि मराठी पीडीएफमधून कॉपी केलं की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे असं होतं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं तर नकोच, आमच्याकडे ते नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं. मराठी सर्चवरच्या टॉकचं प्रपोजल असं आलं तर मी तरी खूप हसेन आणि मार्क कमी देईन.

पाठवल्यावर

मेल पोचल्याचं उत्तर दोन-तीन दिवसांत आलं नाही तर एका ओळीत विचारायला हरकत नाही, मेल स्पॅममध्ये जातात. निकालासाठी मात्र जाहीर केलेल्या तारखेपर्यंत गप्प बसा, त्यानंतर तीन-चार दिवस जाऊ द्या आणि मग त्याच मेलवर रिप्लाय करून एकदाच विचारा. नवीन मेल टाकू नका, जुना संदर्भ तुटतो. कमिटीतल्या ओळखीच्या माणसाला व्हॉट्सॲपवर गाठू नका. मी हा लेख लिहितेय म्हणून मलाही नको. तिचा मेल मी आधीच वाचला होता म्हणून तिच्या प्रपोजलला मी मार्क दिलेच नाहीत, बाकी तिघांनी दिले.

नकार आला तर “पुढच्या वेळी काय बदलू” एवढं विचारू शकता, उत्तर येईलच असं नाही. त्याच मेलमध्ये पाच मिनिटांचा लाइटनिंग टॉक देऊ का असंही विचारून ठेवा, त्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या असतात. आणि तोच टॉक दोन ठिकाणी पाठवला असेल तर दोघांनाही तसं सांगा, बऱ्याच ठिकाणी ते चालतं, लपवलेलं चालत नाही.

तिला होकार आला पण अटीसह. हॉल एकच उरला होता, म्हणून विचारलं की हाच टॉक वीस मिनिटांत बसेल का, प्रश्न धरून. म्हणजे बोलायला सोळा. लोक अशा वेळी उत्साहात लगेच हो म्हणतात आणि मग सगळंच भरभर बोलतात. तिनं एक दिवस घेतला आणि नवा हिशोब पाठवला: घटना 2, कारण 3, उपाय आणि डेमो 8, मर्यादा 3. घरी न्यायची यादी टॉकमधून काढली, एका पानावर छापून दारात ठेवते म्हणाली. कारणाचे चार मिनिटं गेले, पण आधी लिहिलेल्या तीन मुद्द्यांतला एकही गेला नाही, आणि तेही तिनं रिप्लायमध्ये एका ओळीत लिहिलं. आमच्याकडून उत्तर गेलं, “चालेल. केबल आमच्याकडे आहे.”